तीन नावांचा एक नवरा

काजवाली गल्लीत राहायला आली तेव्हा अख्ख्या गल्लीची खात्री पटली होती, की ही बाई नवऱ्याला टाकून आलीय. नाहीतर सांगा, "मिस्टरांचं नाव काय हो?" असं साधं विचारलं की छताच्या पंख्याकडे बघत बसणारी बाई दुसरी कोण असणार? कुणी म्हणालं नवरा तुरुंगात आहे, कुणी म्हणालं नवराच नाही. आमच्या गल्लीला काय, नळाला पाणी नसलं तरी तर्काला पूर! आता आठवलं की पोट धरून हसायला येतं. कारण नवऱ्यासाठी इतकी झुरणारी बाई गल्लीने त्याआधी पाहिली नव्हती, आणि त्यानंतरही नाही.

ती शर्टाच्या कारखान्यात काजं करायची, म्हणून काजवाली. नवरा वेल्डर, सहा वर्षं परदेशात. उंच इमारतींचे लोखंडी सांगाडे उभे राहतात ना, त्यावर कमरेला दोर बांधून हा जोड मारतो. दोन वर्षांतून एकदा येणार, महिनाभर राहणार, की पुन्हा बॅग. मुलगी सात वर्षांची झाली. तिच्या हिशेबी बाबा म्हणजे फोनमधून येणारा खोकला आणि "जेवलीस का?"

काजवालीच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. शिवाय तो मोठा, मोठ्यांना काय नावाने हाक मारतात? लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. पुढे सगळा कारभार "अहो", "हे" आणि "चिमीचे बाबा" यांवर. वरच्या मजल्यावरच्या एका पोराचं नाव नेमकं तेच निघालं, तर त्याला ही "अरे वरच्या" म्हणून हाक मारायची. पोराला बरेच दिवस वाटत होतं, आपलं आडनावच 'वरचे' आहे.

बरं, नवऱ्याचं नाव सोडून द्यावं म्हटलं तर तेही सुटत नाही. कारण लग्नानंतर बाईच्या स्वतःच्या नावात तेच येऊन बसतं. आधी आपलं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. "पूर्ण नाव सांगा" म्हटलं की काजवाली आपलं नाव सांगायची, मग एक आवंढा, मग आडनाव. मधली जागा शेजारी उभं असेल त्याने भरायची. लिहायला तिची ना नव्हती. कागद-पेन दिलं तर झोकात लिहायची. पण कचेरीत खिडकीपलीकडचे लोक पेन देत नाहीत. ते स्वतःच लिहितात आणि आपल्याला बोलायला लावतात.

आणि नेमकं तिथेच घोटाळा होऊन बसला होता.

झालं असं, की त्या वर्षी नवऱ्याच्या कंपनीने कुटुंबासाठी खोली द्यायची ठरवली. एक खोली, एक मोरी, खिडकीत ऊन. फोनवर त्याने तिला खोलीचा कोपरा न कोपरा दाखवला. "इथे तुझं मशीन," म्हणाला. "इथे चिमीचं दप्तर." काजवालीने त्या रात्री भांडी दोनदा घासली, कळलंच नाही. अट एकच होती: महिनाअखेरीपर्यंत बायको-मुलीचे कागद मंजूर झाले पाहिजेत, नाहीतर खोली यादीतल्या पुढच्याला.

नणंदेला सोबतीला घेऊन काजवाली परदेशी जायच्या परवान्याच्या कार्यालयात गेली. नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, जिभेला हाड नसलेली. खिडकीतल्या बाईंनी कागद पसरले, चष्मा वर केला आणि म्हणाल्या,

"तुम्हाला नवरे किती?"

"अगंबाई!" नणंद फिस्कारली. "आमच्याकडे एकच देतात."

"मग इथे तीन कसे?"

लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्याचं खरं नाव होतं, कारण तो अर्ज त्याने स्वतः भरलेला. मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर मात्र बाप म्हणून भलतंच नाव. दवाखान्यात काजवाली कळा देत होती, नावं सांगायला सासू उभी होती, आणि सासूने आपल्या लेकाचं पाळण्यातलं लाडाचं नाव सांगून टाकलेलं. तिच्यासाठी तेच खरं! बँकेच्या पासबुकात तिसरंच. खातं उघडायला कारखान्याचे मालक सोबत होते, नवरा पूर्वी त्यांच्याच गोदामात होता, आणि गोदामात त्याला सगळे ज्या नावाने ओरडायचे तेच त्यांनी मोठ्या विश्वासाने लिहवलं होतं. दोन्ही वेळा काजवाली तिथेच होती. दोन्ही वेळा तिने ऐकलं, चुकलं हे तिला कळलं, आणि दोन्ही वेळा दुरुस्त करायला तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून ती गप्प बसली.

"नावं वेगळी पण माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र करून आणा," बाई म्हणाल्या. "आणि मग तोंडी पडताळणी. नवऱ्याचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, अर्जदाराने स्वतः सांगायचं."

"लिहून देते की," काजवाली म्हणाली.

"लिहिलेलं कुणीही पाठ करून उतरवतं. तोंडी म्हणजे तोंडी."

"मी सांगते," नणंद पुढे सरकली. "माझा सख्खा भाऊ आहे."

"तुमचं लग्न झालंय का त्यांच्याशी?"

नणंदेने पाऊल मागे घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा!

प्रतिज्ञापत्राचं काम सोपं निघालं. बाहेर टाइप करणारे काका होते, त्यांच्याकडे अशा बायका रोज यायच्या. त्यांनी मजकूर टाइप केला, वकिलांनी वाचून दाखवला, "समजलं? मान्य आहे?" विचारलं. काजवाली "हो" म्हणाली, सही केली, शिक्का बसला. पण तोंडी पडताळणीला "हो" चालणार नव्हतं. त्यातही नवऱ्याच्या पूर्ण नावात सासऱ्यांचं नाव येतं, आणि तेही ती घेत नव्हती. म्हणजे एका घासात दोन खडे.

घरी परतताना नणंदेने तिला चांगलंच फैलावर घेतलं.

"वहिनी, माझी ताई, माझी बाई, एक नाव ते काय! अगं, आजकालच्या मुली नवऱ्याला 'अरे' म्हणतात, आणि ते नवरे चांगले गलेलठ्ठ होऊन जगतात."

"मला कळतंय, वन्सं."

"आईचं ते आयुष्य-बियुष्य खरं वाटतं तुला?"

"नाही वाटत."

"मग?"

काजवाली म्हणाली, "हे इथे, माझ्यासमोर पाटावर बसलेले असते ना, तर घेतलंही असतं. तुम्हाला हसवायला घेतलं असतं. पण हे तिथे दोरावर. एका हातात आग. मी इथे मजेत तोंड उघडायचं आणि तिथे नेमका त्याच वेळी पाय..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "सहा वर्षं मी त्यांच्यासाठी काय करू शकले? स्वयंपाक नाही, दुखणं-खुपणं नाही. नाव न घेणं एवढंच माझ्या हातात होतं. तेवढं तरी नीट केलं."

नणंदेने वहिनीच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली आणि उगाचच म्हणाली, "किती जड आहे गं."

पुढचे काही दिवस काजवालीने फार वाईट काढले. खोलीवर पाणी सोडावं, तर चिमीने तिथल्या खिडकीपाशी कोण झोपणार हे आधीच ठरवून टाकलं होतं. नाव घ्यावं, तर डोळ्यांसमोर तो दोर. कारखान्यात एका शर्टाला तिने बटणाच्या बाजूलाही काजं पाडून ठेवली. मुकादम म्हणाला, "बाई, हा शर्ट घालणारा बटणं लावणार कुठे, स्वप्नात?"

पडताळणीच्या दिवशी नणंदेला दाराबाहेरच थांबवलं. खिडकीतल्या बाईंनी प्रतिज्ञापत्र पाहिलं, फाइलला टाचलं आणि पेन उचललं.

"हं. पतीचं पूर्ण नाव?"

काजवालीने आवंढा गिळला. मागे रांग चुळबुळली. कुणीतरी म्हणालं, "अहो, विसरल्या वाटतं!" आणि दोघं-तिघं हसले.

"बाई," काजवाली म्हणाली, "एक फोन करू?"

"त्यांनी सांगितलेलं चालणार नाही."

"ते नाही सांगणार. मीच सांगणार. पण आधी एक गोष्ट विचारायचीय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या 'मोबाइल बंद ठेवा' या पाटीकडे पाहिलं, मग कपाटातली एक फाइल शोधायला तोंड फिरवलं.

फोन लागला, ऐकू यावं म्हणून तिने स्पीकर चालू केला. पलीकडे वारा घोंघावत होता आणि कुठेतरी लोखंड आपटत होतं.

"अहो, कुठे आहात?"

"कामावर. काय झालं? चिमी बरी आहे ना?"

"बरी आहे. वर आहात की खाली?"

"वर. का गं?"

"खाली उतरा."

"अगं, आत्ता कसं..."

"उतरा म्हणते ना! डबा खायला उतरायचंच आहे ना तुम्हाला? आज जरा आधी उतरा."

सहा वर्षांत ती त्याच्याशी अशी बोलली नव्हती. तो उतरला. रांगेतल्या लोकांनी फोनमधून येणारी शिडीची खडखड ऐकली, लिफ्टची घरघर ऐकली, आणि मजा म्हणजे कुणी कुरकुरलं नाही. मघाशी हसणाराही मान पुढे काढून ऐकत होता.

"उतरलो. बोल."

"दोन्ही पाय जमिनीवर आहेत?"

"आहेत."

"दोर सोडला?"

"सोडला."

"आग बंद केली?"

"केली गं बाई."

"बसा. भिंतीला पाठ टेकवा. आणि मी सांगेपर्यंत हलू नका."

"बसलो. पण झालंय तरी काय?"

काजवालीने एक हात खिडकीच्या कठड्यावर घट्ट धरला, डोळे मिटले, आणि फोनमध्ये, खिडकीतल्या बाईंना स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात, त्याचं नाव घेतलं. मग सासऱ्यांचं. मग आडनाव. मध्ये आवंढा नाही.

बाईंनी लिहिलं. कागदाशी ताडून पाहिलं. शिक्का उचलला आणि मारला.

फोनमध्ये नुसता वारा.

"अहो?" काजवालीचा आवाज एवढासा झाला. "अहो! बरे आहात ना? बोला की!"

"आहे," तो म्हणाला. त्याने नाक ओढलं. "बसलोय." मग म्हणाला, "तुझ्या तोंडून माझं नाव कसं वाटतं ते मी विसरूनच गेलो होतो."

काजवालीने पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात रांगेतल्या कुणीतरी नाक शिंकरलं आणि तिला भान आलं.

"झालं काम," ती म्हणाली. "शिक्का बसला. आता सावकाश जेवा आणि मगच वर जा."

"अगं थांब. पुन्हा एकदा म्हण."

"कशाला?"

"आवाज कापला गेला. शेवटचं नीट ऐकूच आलं नाही."

"शेवटी आडनाव होतं. ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मग पहिलं. पहिलं नाही ऐकू आलं."

"पहिलं ऐकू आलं नाही, तर रडलात कशाला?"

"रडलो कुठे? वाऱ्याने धूळ गेली डोळ्यांत."

"भिंतीला पाठ टेकवून बसलात ना? मग वारा लागला कुठून?"

"बरं बाई," तो शेवटी म्हणाला. "तूच जिंकलीस."

"ते तर झालंच," काजवाली म्हणाली. "उठा आता."