जांघेतली गाठ

आमच्या घरात सकाळी कुणी कुणाला "कसा आहेस" असं विचारत नसे. "झालं का?" असं विचारत. वडील संडासाच्या दाराबाहेर तांब्या घेऊन उभे राहायचे आणि आतल्या पोराला सांगायचे, "लाव जोर, लाव. बठ्ठं निंघी जाऊ दे." पोट पूर्ण साफ झाल्याशिवाय उठायचं नाही, हा त्यांचा कायदा होता. मी तो फारसा पाळला नाही. माझा थोरला भाऊ, ज्याला सगळे नाना म्हणायचे, त्याने तो साठीच्या उंबरठ्यापर्यंत पाळला.

नाना एसटीत ड्रायव्हर होता, धुळे डेपोला. मी जळगावला स्टँडजवळ औषधाचं दुकान टाकलं. त्याची धुळे-जळगाव फेरी असली की तो माझ्याकडे यायचा, काउंटरच्या आतल्या स्टुलावर अर्धवट टेकून बसायचा आणि मी न विचारता रेचक चूर्णाचा डबा आणि मूळव्याधीचं मलम त्याच्या पिशवीत टाकायचो. हे किती वर्षं चाललं ते मला आठवत नाही. मूळव्याध आहे असं एकदा ठरलं होतं, रक्त पडलं होतं म्हणून. त्यानंतर कुणी तपासलं नाही. दुकान घरचं होतं, मग दवाखान्यात कशाला जायचं?

ड्रायव्हरचं पोट कसं बिघडतं ते मला माहीत होतं. मध्येच गाडी थांबवायला लागू नये म्हणून तो पाणी पीत नसे. कळ आली तरी पुढच्या स्टँडपर्यंत दाबून ठेवायची. दुपारी ढाब्यावर तिखटजाळ शेवभाजी. मग स्टँडवर दहा मिनिटं मिळाली की त्या दहा मिनिटांत सगळं उरकायला जीव खाऊन जोर लावायचा. त्याचा कंडक्टर एकदा माझ्या काउंटरवर येऊन म्हणाला, "ओ मेडिकलवाले, तुमच्या भावाला एखादी कडक पुडी द्या. पारोळ्याला हे आत जातात आणि बाहेर पॅसेंजर माझ्या नावानं शंख करतात."

नाना हसला. "तुन्हा काय जास? गाडी मी चालाडस, पोट बी मनंच शे."

आम्ही तिघेही हसलो. मी कडक पुडी दिली.

जांघेतली गाठ त्याने मला दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या आड दाखवली. उजवीकडे, लिंबाएवढी. उभं राहिलं, खोकलं की वर यायची. आडवं झालं की आत जायची. संडासात जोर लावला की सगळ्यात मोठी व्हायची. दुखते का विचारलं तर म्हणाला, "काही नही रे. ओढल्यासारखं वाटतं संध्याकाळी." मी त्याला सर्जनकडे नेलं. एवढं तरी मी केलं.

सर्जन धीराचा माणूस होता. नाना ड्रायव्हर आहे हे कळल्यावर त्याने त्याच भाषेत सांगितलं. टायरला आतून चीर पडली की हवेच्या दाबानं तिथे फुगा येतो, तसं पोटाच्या भिंतीत जांघेजवळ एक कच्ची जागा असते. काहींना ती जन्मापासून असते. जुना खोकला, जड उचलणं, लघवीला जोर करावा लागणं आणि वर्षानुवर्षं संडासात कुंथणं, हे सगळं आतला दाब वाढवतं. त्या दाबानं पोटातला पडदा आणि आतडं त्या जागेतून बाहेर येतं, तोच हर्निया.

"मूळव्याध दिसते म्हणून लोक तेवढंच धरून बसतात," तो म्हणाला. "जोर लावून काहींचं गुदद्वारातून अंगच बाहेर यायला लागतं. म्हाताऱ्यांना कुंथताना चक्कर येते, ते आतच पडतात. पोट साफ होणं महत्त्वाचं आहे, पण ते जोरानं करायचं काम नाही."

ऑपरेशन करून जाळी बसवू, असं त्याने सांगितलं. पण त्याआधी लघवीची तपासणी करायची, पाणी आणि पालेभाजी वाढवायची, कुंथणं बंद करायचं, नाहीतर शिवलेली जागा पुन्हा ताणली जाईल. उठताना त्याने आमच्या दोघांकडे बघून आणखी एक गोष्ट सांगितली. गाठ कडक झाली, दुखायला लागली, आडवं होऊनही आत गेली नाही, उलट्या सुरू झाल्या, तर पोटात काही घालायचं नाही. जुलाबाचं तर मुळीच नाही. तसंच उठून यायचं.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

बाहेर आल्यावर नाना म्हणाला, "आते नही. अनफिट लिहितील. स्टिअरिंग काढून घेतील आणि डेपोत फाटक सांभाळायला बसवतील. रिटायर झालो की करू." त्याच्या आवाजात विनवणी होती, आणि थोरला भाऊ विनवतो तेव्हा धाकट्याला जड जातं. मी हो म्हणालो. आणि मग मी त्याला हर्नियाचा पट्टा दिला. सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं की पट्टा म्हणजे उपचार नाही. मी नानाला सांगितलं की आडवा होऊन गाठ आत गेल्यावरच बांध, बाहेर असताना वरून आवळू नकोस. तो मान हलवत होता. सकाळच्या पहिल्या गाडीला कोण आडवं होऊन पट्टा बांधतो? तो उभ्यानेच आवळायचा. हे मला नंतर कळलं, पण मी ओळखायला हवं होतं.

त्या पट्ट्यानं आम्हा दोघांना विसरायला मदत केली. गाठ दिसत नव्हती, म्हणून नव्हती. चूर्णाचा डबा मात्र पूर्वीसारखाच जात राहिला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. वहिनींचा फोन आला. त्यांच्या मागे पाहुण्यांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी झोक्यावरचं गाणं म्हणत होतं.

"भाऊ, ह्यांचं पोट कालपासून साफ नाही. फुगलंय. दोनदा उलटी झाली."

"आमरस किती खाल्ला?"

"खाल्ला थोडा. पुरणपोळी पण खाल्ली."

"मग तेच आहे. ती जुलाबाची बाटली आहे ना, दुप्पट द्या. रात्रीपर्यंत मोकळं होईल."

वहिनींनी आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, "भाऊ, अजून एक..." आणि थांबल्या.

मला तेव्हाच आठवलं. मी खोटं लिहिणार नाही. गाठ माझ्या डोळ्यांसमोर आली आणि प्रश्न ओठांवर आला: गाठ आत जातेय का? पण दिरानं वहिनीला तिच्या नवऱ्याच्या जांघेविषयी कसं विचारायचं? इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यावरचा पदर सरकलेला असताना मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. काउंटरवर चार बायका उभ्या होत्या. फोन नानाला द्या, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "काय?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "देते औषध."

मी पुढच्या गिऱ्हाइकाला गोळ्या कापून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तेव्हा वहिनी रडत होत्या आणि आता त्यांना पाहुण्यांची लाज राहिली नव्हती. "गाठ दगडासारखी झालीय भाऊ. लाल झालीय. हात लावू देत नाहीत."

मी धुळ्याला पोचलो तोवर नानाला सरकारी दवाखान्यात ऑपरेशनला आत नेलं होतं. बाहेर आलेल्या डॉक्टरने मला सांगितलं की आतडं त्या अरुंद जागेत अडकून पिळलं गेलं होतं, त्याचा रक्तपुरवठा बंद झाला होता. अडकलेला तुकडा काळा पडून फुटला होता. तो कापून टोकं जोडली आहेत, पण घाण पोटात पसरली आहे. मग त्याने विचारलं, "जुलाबाचं औषध कुणी दिलं?"

मी दिलं, असं मी म्हणालो. तो वळून निघून गेला. त्याच्याकडे इतर पेशंट होते.

त्यानंतर आम्ही वॉर्डात वाट बघत बसलो. आतडं पुन्हा चालायला लागलं की वारा सरतो, ती चांगली खूण, असं नर्सने सांगितलं होतं. तेवढ्यासाठी सगळं घर थांबलं. गावाकडून फोन यायचे आणि सगळे तेच विचारायचे, जे आमच्या वडिलांनी दाराबाहेर उभं राहून विचारलं होतं. झालं का? नाकात नळी घातलेला नाना छताकडे बघायचा. एकदा त्याने हाताने मला जवळ बोलावलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जोर लावू का रे?"

"नको नाना," मी म्हणालो. "अजिबात नको."

"मग कसं व्हई?"

ताप चढत गेला, लघवी बंद झाली, मग तो मला ओळखेनासा झाला. वारा शेवटपर्यंत सरला नाही.

दहाव्याला वहिनी मला म्हणाल्या, "मी सांगणार होते. तुम्हाला कसं सांगायचं तेच कळेना." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या स्वतःला दोष देत होत्या, आणि मी त्यांना म्हणालो नाही की मला माहीत होतं. आजही म्हणालेलो नाही. हे लिहिलेलं त्या वाचणार नाहीत, हेही मला माहीत आहे.

दुकान चालू आहे. पट्टे मी ठेवत नाही. चूर्ण मागायला कुणी आलं की मी विचारतो, कधीपासून, जोर लावावा लागतो का, कुठे गाठ येते का, डॉक्टरला दाखवलंय का. पुरुष हसतात. म्हणतात, काका, तुम्ही डबा द्या.

परवा एक बाई आली, माझ्या वहिनींच्या वयाची. नवऱ्यासाठी कडक पुडी हवी होती, दोन दिवस पोट साफ नव्हतं. मी गर्दीतच, स्पष्ट विचारलं, "त्यांना उलट्या होतात का? जांघेत गाठ आहे का?"

तिने पदर ओढून घेतला. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी घाण बोललो होतो. मी काउंटरच्या बाहेर आलो, म्हणालो, ताई, राग मानू नका, एवढं सांगून जा. ती पायऱ्या उतरून गेली होती. शेजारच्या दुकानात तिला काही न विचारता पुडी मिळाली. पुडी पिशवीत टाकून ती स्टँडकडे गेली. गाडी कुठली होती ते मला दिसलं नाही.