दोन रकान्यांमधला फेब्रुवारी

आयकर खात्याची सूचना मोबाईलवर आली तेव्हा मी सहावीच्या वर्गावर शिकवत होते. बेचाळीस हजारांची मागणी, तीस दिवसांत भरा, नाहीतर महिन्याला एक टक्का व्याज. माझा तर दर वर्षी पगारातूनच कर कापला जातो. मला रागच आला. माझा राग नाकावरच असतो.

घरी नवरा म्हणाला, भरून टाक, सरकारशी कोण भांडणार? मी म्हटलं, चुकलेच नाही तर भरू कशाला? शनिवारी आमच्या कोरीट गावाहून नंदुरबार गाठलं.

करसल्लागारांनी दोन रकाने शेजारी ठेवून दाखवले. एक मी भरलेला, दुसरा खात्याने काढलेला. उत्पन्न जुळत होतं, एकूण करही जुळत होता. फरक फक्त कापलेल्या कराच्या ओळीत होता. फेब्रुवारीची कपात पगारपत्रकात होती, पण माझ्या पॅनवर तिची नोंदच नव्हती. ते म्हणाले, पैसे भरू नका. मुदतीत खात्याच्या संकेतस्थळावर ‘असहमत’ नोंदवा, शाळेकडून टीडीएसचं विवरण दुरुस्त करून घ्या, मग खात्याकडे दुरुस्तीचा अर्ज टाका. आणि जाता जाता म्हणाले, ती रक्कम ज्यांच्या पॅनवर गेली असेल त्यांना मात्र ती खात्याला परत करावी लागेल.

ते कोण, हे मला पायऱ्या उतरतानाच कळलं. आमच्या शाळेत माझ्याच नावाआडनावाच्या आणखी एक बाई आहेत. फक्त नवऱ्यांची नावं वेगळी. मुलं आम्हाला मोठ्या बाई, धाकट्या बाई म्हणतात; मोठ्या बाईंना मी ताई म्हणते. बारा वर्षं आम्ही एका बाकावर डबा खातो. दिवाळीआधी ताईंना आयकराचा भलामोठा परतावा आला होता, आणि मीच पेढे मागितले होते.

सोमवारी शाळेच्या क्लार्कने टीडीएसची यादी काढली. माझी कपात ताईंच्या पॅनवरच पडली होती.

आठ दिवस मी ती यादी पर्समध्येच ठेवली. भरले तर ताई वाचतील, न भरले तर... रात्री झोप लागेना. शेवटी मधल्या सुट्टीत यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही.

“माले मालूम व्हतं,” त्या म्हणाल्या. “पण पोरनी फी भरी टाकी. तू आज इचारशी, उद्या इचारशी, रोज मी वाट देखस.”

मला त्यांचा संताप आला आणि त्याच क्षणी त्यांची दयाही आली. त्याच संध्याकाळी मी ‘असहमत’ नोंदवलं.

शाळेने विवरण दुरुस्त केलं. ताईंनी डिसेंबर संपायच्या आत सुधारित विवरणपत्र भरून पैसे परत केले. पुढे माझा अर्ज मंजूर झाला आणि मागणी शून्यावर आली. मी बरोबर होते, यात शंका नाही.

आम्ही अजून एकाच बाकावर डबा खातो. ताई आजही शेंगदाण्याची चटणी आधी माझ्या डब्यात वाढतात. त्यांच्या हातात पूर्वी सोन्याच्या चार बांगड्या होत्या. आता दोन आहेत.