दोन फेऱ्यांनंतरचा बदल

तलासरीकडच्या एका आरोग्य संस्थेने सर्पदंशावर चार मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करायला दिली, तेव्हा आमच्या स्टुडिओत आम्ही दोघंच होतो. डहाणू रोडला, मसोलीच्या बाजूला एका दुकानावरची खोली. मी लिहायचे, लोकांशी बोलायचे, हिशेब बघायचे. शेजारच्या आगर गावचा एक कलाकार माझ्याबरोबर होता, तो चित्रं काढायचा आणि हलवायचा.

संस्थेकडून दोन माणसं आमच्याशी बोलत. एक सर, मुंबईच्या ऑफिसात बसणारे. दुसऱ्या समन्वयक ताई, रोज पाड्यांवर फिरणाऱ्या. ताईंचा दिवसाआड फोन यायचा. "मॅडम, झोपडीत माणसं जमिनीवर झोपलेली दाखवा हां. मण्यार अशीच चावते, झोपेत. दुखत पण नाही धड. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, तोवर उशीर." हे त्या इतक्या साध्या आवाजात सांगायच्या की फोन ठेवल्यावर मी पाय खुर्चीवर घेऊन बसायचे.

पटकथा मंजूर झाली. मग चित्रमालिका, मग आवाजावर ती चित्रं लावून केलेला कच्चा नमुना. बदलांच्या दोन फेऱ्या ठरल्या होत्या, त्या सरांनी तिथेच वापरल्या. आम्ही हलती चित्रं करायला घेतली आणि व्हॉट्सॲपवर त्यांचे आवाजी निरोप येऊ लागले. विष उतरवायला बसलेला भगत जरा म्हातारा करा. जीपचा रंग बदला. झोपडीला पत्रे नकोत, कौलं हवीत. बाईची साडी हिरवी. संस्थेचं चिन्ह मोठं.

"अहो," माझा कलाकार मला म्हणाला, "कौलं बदलायची म्हणजे सहा दृश्यांचं मागचं चित्र परत काढायचं. भगत म्हातारा केला तर त्याची चाल पण बदलायला लागेल. हे असंच चालू राहिलं तर पावसाळ्याआधी फिल्म निघणार नाही."

म्हणून मी मेल लिहिला. चार वेळा वाचून, कुठे टोचत नाही ना हे बघून.

"आपण कच्च्या नमुन्याला मंजुरी दिल्यानंतर ॲनिमेशनचं काम सुरू झालं आहे. ठरल्याप्रमाणे बदलांच्या दोन फेऱ्या पूर्ण झाल्या आहेत. आपण आत्तापर्यंत सुचवलेले बदल आम्ही स्नेहापोटी करून देत आहोत. यापुढचे बदल अतिरिक्त काम धरले जातील. त्याचा खर्च आणि लागणारा वेळ आधी कळवू आणि आपली लेखी संमती आल्यावरच काम हाती घेऊ. सर्व सूचना एकाच व्यक्तीकडून, एकत्र मिळाव्यात ही विनंती. आमच्याकडून राहिलेली चूक अर्थातच विनाशुल्क दुरुस्त करून देऊ."

दुपारी सरांचं उत्तर आलं. एकच ओळ: मुद्दा लक्षात आला, यापुढे बदल नाहीत.

"सुटलो," कलाकार म्हणाला.

मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण त्या दिवसापासून ताईंचा फोन बंद झाला. साप शिरतो ते दृश्य पूर्ण करून आम्ही बघायला पाठवलं, त्यावर उत्तर नाही. मी ताईंना फोन केला. "बघितलं का?" विचारलं.

"बघितलं," त्या म्हणाल्या. "छान आहे."

"काही सांगायचंय का?"

"नाही हो. सरांनी सांगितलंय, सगळं त्यांच्याकडूनच."

छान आहे असं त्या कधीच म्हणायच्या नाहीत. आधी चार चुका काढायच्या, मग हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. मी ते मनात ठेवलं आणि कामाला लागले. फिल्म पूर्ण झाली, सरांनी मंजूर केली, आम्ही पाठवून दिली.

पहिल्यांदा ती दाखवली सायवनच्या पलीकडे एका पाड्यावर, शाळेच्या खोलीत. मलाही बोलावलं होतं. खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला होता. आत उकाडा, समोर मुलं, मागे बायका, दाराशी पुरुष उभे. फिल्म सुरू झाली तशी सगळे गप्प झाले. कुडाच्या फटीतून साप आत आला. काळा, अंगावर पांढरे पट्टे. झोपलेल्या बाईच्या हाताकडे सरकू लागला. मी पुढे बघत होते. लोक घाबरतील, तिथेच फिल्म त्यांना धरेल, असा आमचा सगळा हिशेब होता.

पुढच्या रांगेतली मुलं हसली.

"कवड्या!" एक ओरडला. "कवड्या हाय!" मग सगळीच. मागच्या बायकाही हसल्या. कवड्या म्हणजे बिनविषारी साप. तो चावला तरी काही होत नाही, हे तिथल्या मुलांनाही ठाऊक. पुढे बाईच्या पापण्या मिटत गेल्या, आवाज सांगत राहिला की थांबू नका, बांधू नका, कापू नका, तडक सरकारी दवाखान्यात न्या. पण खोलीत आता कुजबुज होती. एक माणूस दाराशी म्हणाला, "कवड्यानं माणूस कधी मेला?"

मी ताईंकडे बघितलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"मण्यारीचे पट्टे मानेपासून नसतात," त्या हळू म्हणाल्या. "थोडं अंतर सोडून सुरू होतात, शेपटीकडे ठळक. तुमचे मानेपाशी ठळक आहेत आणि शेपटीकडे पुसट. तो कवड्याच झाला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही दृश्य पाठवलं तेव्हाच."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमचा मेल आला होता ना. सर म्हणाले, आता एक शब्द काढला तर पैसे लागतील, त्यापेक्षा फिल्मनंतर मी लोकांना तोंडी समजावून सांगावं."

"पण चूक असेल तर फुकट करून देऊ, असं त्यातच लिहिलं होतं!"

"मेल मला कोणी दाखवलाच नाही, मॅडम."

परतताना जीपमध्ये मी जुने निरोप उघडून पाहिले. ज्या फोटोवरून आम्ही साप काढला, तो सरांनीच पाठवला होता. चित्रमालिकेत तोच साप होता आणि त्यावर त्यांची मंजुरी. म्हणजे आमच्या नियमाने तो बदल त्यांचाच, पैसे घेऊन करायचा. मी फोन खाली ठेवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाळलेलं गवत उभं होतं, अगदी डांबराच्या कडेपर्यंत.

सकाळी कलाकाराला सांगितलं. त्याने सापाची फाईल उघडली. "साप एकच आहे," तो म्हणाला. "अंगाचं चित्र एकदा बदललं की तिन्ही दृश्यांत आपोआप बदलेल. फक्त ती दृश्यं परत काढून जोडायची. संध्याकाळपर्यंत होईल." कौलांना यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला होता.

ताईंनी फोनवर पट्टे तपासून दिले. आम्ही काही न मागता नवी फिल्म पाठवली, जुनी काढून टाका असं लिहिलं. सरांनी आभार मानले. पण जुनी तोवर मोबाईलवरून मोबाईलवर गेली होती. आठवड्याभरात ती माझ्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर आली, तलासरीच्या कुठल्याशा नंबरवरून फिरत फिरत. खाली हसणारे चेहरे होते. मी तिथे नवी टाकली. तिच्याखाली कोणी काही लिहिलं नाही.

पावसाळ्यात ताईंचा फोन आला, कितीतरी दिवसांनी. एका पाड्यावर एक मुलगी आजीशेजारी जमिनीवर झोपली होती. साप घरच्यांनी पाहिला होता. कवड्या आहे म्हणून त्यांनी तो हाकलला आणि परत झोपले. सकाळी तिचे डोळे उघडेनात, तेव्हा दवाखान्यात नेलं. विषावरचं इंजेक्शन दिलं, श्वासासाठी नळी घालावी लागली.

"वाचली," ताई म्हणाल्या. "कालच बसून पेज प्याली."

मी विचारलं, "त्या घरात फिल्म पाहिली होती का? जुनी की नवी?"

पलीकडे पाऊस ऐकू येत होता, पत्र्यावरचा.

"विचारलं नाही मी," ताई म्हणाल्या. "तुम्ही पण नका विचारू."