सात मीटरचा चेंडू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मीरा रोडच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवताना मी एका मुलीचं बरोबर उत्तर सगळ्यांदेखत चूक ठरवलं.

गणित बोलिंगच्या चेंडूचं होतं. तो सेकंदाला सात मीटर वेगाने नुसता घसरत सुटतो, घर्षणांक ०.२. घसरणं थांबून निव्वळ गडगडणं कधी सुरू होईल आणि तेव्हा वेग किती? मी ऊर्जा कायम धरून ५.९ काढला.

ती म्हणाली, "सर, घसरताना घर्षणात ऊर्जा जातेय ना? मला एका सेकंदाने पाच येतोय."

"या मॅडम, उद्यापासून तुम्हीच शिकवा!" मी म्हणालो. वर्ग खिदळला. ती मान खाली घालून बसली.

घरी मांडून पाहिलं. घर्षण सेकंदाला दोन मीटरने वेग कमी करतं आणि चेंडूला फिरवतही नेतं. सेकंदभरात वेग आणि फिरणं जुळतं. पाचच.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, पुन्हा कधीच आली नाही. तिचीच रीत मी फळ्यावर माझी म्हणून शिकवली. मुलांनी ती निमूट उतरवून घेतली. ते आठवलं की अजून स्वतःची किळस येते.

तिची माफी मागणं अजून माझ्याकडून बाकी आहे.