निर्णय कोण घेणार?

नवीन पनवेलच्या खांदा कॉलनीत आमचं ऑफिस होतं तेव्हाची गोष्ट. ऑफिस म्हणजे एक गाळा, त्यात दोन टेबलं, एक माझं आणि एक माझ्या भागीदारणीचं. आम्ही दोघी एकाच कॉलेजात इंटिरिअर शिकलो आणि एकत्रच धंद्यात पडलो. ती थंड डोक्याची. माझं डोकं तापायला काडीसुद्धा लागत नाही.

त्या वर्षी ते फारच तापलं होतं. एका फ्लॅटचं काम आम्ही नुकतंच कसंबसं संपवलं होतं. तिथे बाईंनी मला अक्रोडी रंग सांगितला, साहेबांनी परस्पर मिस्त्रीला पांढरा सांगितला आणि आजींनी अर्धी दारं लागल्यावर देवघराची दिशाच बदलली. सगळे फोनवर, सगळे घाईत, आणि प्रत्येक जण म्हणे, "आमचं ठरलंय." काय ठरलं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. दारं काढून पुन्हा लावली तेव्हा मिस्त्री माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू मीच तीन तोंडांनी बोलत होते.

"यापुढे नवीन माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी एक पुस्तिका ठेवायची," भागीदारीण म्हणाली. "आपण काम कसं करतो, आमच्याशी कसं बोलायचं आणि तुमच्याकडून काय हवं. सगळं त्यात. नंतर तोंडाची वाफ नको."

आम्ही ती चांगली दोन आठवडे लिहीत बसलो. आधी इंग्रजीत लिहिली, मग आमच्या लक्षात आलं की आपली अर्धी गिऱ्हाईकं ती वाचणारच नाहीत, म्हणून सगळी मराठीत केली. पहिल्या पानावर स्वागत. मग कामाच्या पायऱ्या: आधी मोजमाप, मग नकाशा, नकाशावर तुमची सही, मग प्लाय आणि लॅमिनेटची निवड, मग सुतारकाम, शेवटी रंग. सही झाल्याशिवाय लाकूड कापलं जाणार नाही, हे वाक्य मी ठळक करून घेतलं. मग बोलायची रीत: फोन दहा ते सहा, बदल असेल तर लेखी, मिस्त्रीला परस्पर काही सांगायचं नाही, काम चालू असताना विचारल्याशिवाय साइटवर यायचं नाही, कारण खिळे पडलेले असतात. शेवटच्या पानावर आम्हाला काय हवं ते: बिल्डरच्या नकाशाची प्रत, फ्रिज आणि वॉशिंग मशीनची मापं, कोण कुठे झोपणार, स्वयंपाक करणारीची उंची. ओटा तिच्या कमरेला यावा लागतो, नवऱ्याच्या नव्हे. आणि सगळ्यात खाली, माझी लाडकी ओळ: 'घरातली निर्णय घेणारी एक व्यक्ती: नाव आणि फोन नंबर.'

एक, फक्त एक. ती ओळ लिहून मला जो आनंद झाला तो मी सांगूनही कोणाला कळणार नाही.

पहिली पुस्तिका गेली ती पळस्प्याजवळच्या एका गावातल्या आगरी कुटुंबाकडे. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर नवीन पनवेलमध्ये त्यांनी घर बांधलं होतं, आतलं काम तेवढं बाकी होतं. बोलायला आल्या त्या घरातल्या वहिनी. नवरा उरणच्या बंदरात पाळीवर, म्हणून धावपळ सगळी ह्यांचीच. त्यांचं म्हणणं एकच होतं. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिची हळद नव्या घरात व्हायला हवी होती.

"मंडपात तं कुटंपण व्हईल वो, मॅडम," त्या म्हणाल्या. "पन आमची पोर आमच्या घरातशी जावाला पायजे. जुनं घर आमचं पडाला आलंय. तिनं लानपनापासून ऐकलंय, नवं घर व्हनार, नवं घर व्हनार."

हळदीचा दिवस दूर होता. काम आरामात झालं असतं. मी पुस्तिका दिली, एकेक पान वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, पदराने कव्हर पुसलं आणि घरी नेली. दोन दिवसांत भरून परत आली. ओट्यासाठी वहिनींची उंची होती, कोण कुठे झोपणार ते होतं. निर्णय घेणाऱ्याच्या जागी त्यांच्या थोरल्या दिरांचं नाव आणि मोबाइल नंबर होता. मी खूश. मोजमाप घेतलं, नकाशे काढले, वहिनी येऊन ते घरी घेऊन गेल्या. आता फक्त सही यायची होती.

आणि मग सगळं शांत झालं.

फोन नाही, मिस्त्रीला परस्पर निरोप नाही, कोणाचा मामा येऊन "जरा बघतो" म्हणाला नाही. सुरुवातीला मला वाटलं, आहा, ही तर जादूच झाली. पण सहीचे कागद येईनात. तेव्हा भागीदारणीने दिरांच्या नंबरवर फोन लावला. फोन उचलला गेला. पलीकडून कोणी बोललं नाही.

"हॅलो? काका, नकाशा बघितलात का?" शांतता. नुसता श्वास आणि लांब कुठेतरी कोंबडी.

"रेंज नसेल," ती म्हणाली आणि तरीही, सवयीने, आपलं सगळं सांगून टाकलं: ओटा खिडकीखाली घेतलाय, कपाट दोन दारांचं आहे, सही पाठवा. पुढच्या आठवड्यात मी लावला. पुन्हा उचलला, पुन्हा श्वास. मीही बोलले, आणि मग दर आठवड्याला हेच चालू राहिलं. मला वाटलं, माणूस कमी बोलणारा असेल. मग वाटलं, रागावलेत का? नकाशात काही चुकलं का? मी नकाशा पुन्हा काढून बघितला, त्यात काहीच चुकलं नव्हतं. वहिनींना फोन करावा असं मनात आलं, पण भागीदारणीने पुस्तिकेवर बोट ठेवलं. निर्णय घेणारी एक व्यक्ती. आपणच नियम केला, आपणच मोडायचा? मी फोन खाली ठेवला. पण रात्री झोपताना ते श्वास कानात यायचे आणि मला कळेना की मी कोणाशी बोलतेय.

हळद जवळ आली तेव्हा वहिनीच ऑफिसात आल्या. हातात लग्नाच्या पत्रिका, पहिली आमच्यासाठी. पेढा दिला, पाणी प्याल्या आणि हसत विचारलं, "मंग, काम कुटवर आलं?"

मी भागीदारणीकडे बघितलं, तिने माझ्याकडे.

"काम?" मी म्हणाले. "वहिनी, सही कुठे आलीये? सहीशिवाय आम्ही लाकूड कापत नाही."

त्यांनी हातातल्या पत्रिका टेबलावर ठेवल्या. "म्हंजे घर... काईच नाय?"

"तुम्ही एकदा फोन का नाही केलात? एकदा साइटवर तरी यायचं!"

"आमी कशाला येऊ? तुमीच लिवलंय ना, इचारल्याशिवाय येऊ नका." त्यांचा आवाज फाटला. "आनि तुमी भाऊजींना फोन करता ना? फोन झाला का ते खूश असतात. नकशे त्यांच्याकडंच दिलेत, आमाला वाटलं, सहीचं तुमचं बोलनं व्हतंय, काम चाललंय."

"ते बोलतच नाहीत!"

"कसं बोलतील?" वहिनी म्हणाल्या. "त्यांची वाचा गेली ना. दोन वरसं झाली, अरधांगाचा झटका आला. उजवा हात पन गेला."

 मी पत्रिका उघडली. तिच्यावर निमंत्रक म्हणून सगळ्यात वर थोरल्या दिरांचंच नाव होतं. घराच्या पाटीवर, लाइटच्या बिलावर, गणपतीच्या वर्गणीत, सगळीकडे तेच असणार. आम्ही पुस्तिकेत निर्णय घेणाऱ्याचं नाव विचारलं होतं आणि त्यांनी घरात जे नाव पहिलं लिहितात ते लिहिलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. मला राग यायचा होता, पण तो कोणावर काढावा हेच समजेना.

त्याच दुपारी आम्ही तिघी रिक्षाने गावात गेलो, नकाशे आणि लॅमिनेटचे तुकडे घेऊन. काका पडवीत खाटेवर बसले होते, गळ्यातल्या दोरीला मोबाइल. आमचे नकाशे त्यांच्या उशीखाली घडी करून ठेवलेले होते. माझा आवाज ऐकला मात्र, त्यांनी चटकन वर बघितलं आणि डाव्या हाताने मोबाइल उचलून मला दाखवला. जणू म्हणत होते, अहो, तुम्हीच का त्या!

"झटक्यानंतर त्यांना कोन फोन करीत नाय," वहिनी हळूच म्हणाल्या. "बोलनार काय? तुमचा फोन आला का आमाला खुनेनं सांगायचे, फोन आलता. त्यांचे चार दिवस त्याच्यावर खुशीत जायचे."

मी खाटेच्या कडेला बसले. नकाशा उघडला आणि सगळं पुन्हा सांगितलं, ओटा, खिडकी, कपाट. ते ऐकत होते, सगळं कळत होतं. लॅमिनेटचे तुकडे त्यांनी एकेक करून वहिनींच्या हातात दिले आणि मान हलवली. तिला विचारा, असं. वहिनींनी पिवळसर लाकडी रंगावर बोट ठेवलं. काकांनी डाव्या हाताने नकाशावर एक वाकडी रेघ ओढली. ती आमच्या फायलीतली पहिली सही.

मिस्त्री म्हणाला, ओटा आणि देवघर होईल, कपाटाची दारं होणार नाहीत. झालंही तसंच. हळदीला कपाटांच्या तोंडावर नव्या साड्यांचे पडदे लावले होते, ढोल वाजत होते आणि नवरी हळदीने माखलेली, नव्या ओट्याला टेकून हसत होती. वहिनींनी मला हळद फासली ती माझ्या पांढऱ्या कुडत्यावरून कधी गेली नाही. मी त्यांची माफी मागायला गेले, त्या म्हणाल्या, "घरातशी गेली ना पोर? मंग बास."

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढली तेव्हा शेवटच्या ओळीचे आम्ही दोन प्रश्न केले. रोजच्या कामासाठी फोन कोणाला करायचा? आणि घरात आधी कोणाला विचारायचं? भागीदारीण म्हणाली, यात गोंधळ वाढेल. वाढला तर वाढो, मी म्हणाले, निदान तो कोणाचा आहे ते तरी कळेल.

लग्नानंतर एका सकाळी ऑफिस उघडलं, कुलूप टेबलावर ठेवलं आणि फोन वाजला. तोच नंबर. दहा वाजले होते. पुस्तिकेत लिहिलेलं त्यांच्या नीट लक्षात होतं.

मी उचलला. श्वास, आणि लांब कुठेतरी कोंबडी.

"नमस्कार काका," मी म्हणाले. "बरं झालं फोन केलात. कपाटाची दारं आज कापायला घेतलीत." मग मी बसले आणि त्यांना बिजागऱ्या कुठल्या, मुठी कशा, सगळं सावकाश सांगितलं. मध्येमध्ये थांबले, कारण बोलताना माणूस थांबतोच. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.