हलत नाही, एवढंच

तिचं खरं नाव वेगळं आहे, पण आमच्या लॅबमध्ये ती हळूताई. दार लावलं की "हळू". खुर्ची सरकवली की "हळू". मी शिंकले तरी "हळू", जशी काही शिंक माझ्या हुकमातली आहे! तिचंही चुकत नाही म्हणा. वंध्यत्वाच्या दवाखान्यातली ही सगळ्यात आतली खोली. इथे बायकांची अंडी आणि पुरुषांचे शुक्राणू एकत्र येतात. अंडं असतं जेमतेम केसाच्या जाडीचं. सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाला कुणाचा गुडघा लागला की काचेची सुई हलते आणि दिवसभराची मेहनत पाण्यात जाते.

खोलीत उजेड मंद असतो. अत्तर, सुगंधी तेल, नखांचा रंग, सगळ्याला बंदी, कारण असल्या वासाची वाफ गर्भाला सोसत नाही. मी सुट्टीच्या दिवशी सगळी हौस भागवून घेते. हळूताईने मात्र ती सवयच मोडून टाकली आहे. बाहेर भेटली तरी तिच्या अंगाला कसलाच वास येत नाही. एकदा मी छेडलं, "ताई, निदान रविवारी तरी थोडं अत्तर लाव की."

"कुणासाठी?" ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, खरोखरच माहिती विचारल्यासारखं.

मी म्हणजे तोंडाचा पट्टा, पण तो विषय मी तिथेच सोडला. तिची आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं. भाऊ परदेशात, त्याचा फोन आला तर आला. दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहते. जेवणाचा डबा दवाखान्यातही भिंतीकडे तोंड करून खाते. दिवसभरात तिच्या तोंडून निघतात ती फक्त दुसऱ्यांची नावं.

आमचा नियमच तसा आहे. नमुना एका भांड्यातून दुसऱ्यात जाताना दोघांनी हजर राहायचं. एकाने नळीवरचं पूर्ण नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बशीवरचं नाव वाचून जुळलं तर म्हणायचं, "बरोबर." त्याशिवाय हात पुढे न्यायचा नाही. एकट्या माणसाच्या डोळ्यांना जे हवं तेच दिसतं, म्हणून दुसरा साक्षीला. तिची साक्षीदार मी, माझी ती. अशी शेकडो नावं आम्ही जुळवली असतील. ज्यांची जुळवली, त्यांनी आम्हाला कधी पाहिलंही नाही. पेढे बाहेर डॉक्टरांच्या टेबलावर वाटले जातात.

तर त्या दिवशी आमच्याकडे लिफ्टवाला आला होता. लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून आमच्यात तो लिफ्टवाला. त्याच्या वीर्याची आधी तपासणी झाली, तेव्हा शुक्राणूंची संख्या ठीक होती, पण हालचाल शून्य. एकही हलत नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा तपासणी करायला लावली. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. नुसता जोराचा ताप येऊन गेला तरी पुढे दोन-तीन महिने रिपोर्ट बिघडलेला असू शकतो. पण दुसऱ्यांदाही शून्यच आलं. मग डॉक्टरांनी इक्सी सुचवली.

साध्या टेस्ट ट्यूब उपचारात अंड्याभोवती हजारो शुक्राणू सोडतात आणि त्यातला एक आपल्या पायांनी, म्हणजे शेपटीने, आत जातो. इथे कुणी जाणारच नव्हतं. संख्या फारच कमी असेल, पोहणारे मोजकेच असतील, बहुतेकांचा आकार फार बिघडलेला असेल, वीर्यात शुक्राणूच नसल्यामुळे ते सुईने अंडकोशातून काढावे लागले असतील, किंवा आधीच्या उपचारात एकही अंडं फळलं नसेल, तर डॉक्टर इक्सीचा सल्ला देतात. एक शुक्राणू उचलायचा आणि सुईने थेट अंड्यात नेऊन ठेवायचा. मूल होईलच अशी खात्री कुणीच देत नाही. दार उघडून देतो, एवढंच.

हे सगळं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. न हलणाऱ्यांतले काही जिवंत आहेत, हेही सांगितलं होतं. पण "शून्य" ऐकल्यावर त्याचे कान बंद झाले असावेत. सुईने अंडकोशातून काढून बघू, तिथले बहुधा चांगले असतात, असं सुचवलं तर तो साफ नाही म्हणाला. "मेलेलं कुठूनही काढलं तरी मेलेलंच." शेवटी असं ठरलं की त्या दिवशीच्या नमुन्यात जिवंत शुक्राणू नाहीच मिळाला, तर दात्याचा वापरायचा. बायकोने संमती दिली, पण सही करताना ती रडली, असं नर्सने सांगितलं. तिची चाळिशी जवळ आली होती. अंडी वाढवायची इंजेक्शनं पुन्हा घ्यायची नाहीत, हेही दोघांचं ठरलं होतं.

नमुना द्यायच्या खोलीतून आमच्याकडे भिंतीत एक छोटी खिडकी आहे. तिथे डबी ठेवायची, नाव सांगायचं आणि निघून जायचं. लिफ्टवाला गेला नाही. पलीकडून त्याचा आवाज आला, "मॅडम, उगाच शोधत बसू नका. दात्याचं घ्या आणि मोकळ्या व्हा. मेलेल्यांत काय शोधायचं?"

खिडकीतून बोलायचं काम माझं. हळूताई रुग्णांशी बोलत नाही. "तू सांग, तुला जमतं," म्हणते. पण मी तोंड उघडायच्या आत तीच खिडकीपाशी गेली.

"मेलं असं कुणी सांगितलं?" ती म्हणाली.

"शून्य आलंय ना दोनदा."

"हालचाल शून्य आलीये. हलत नाही, एवढंच. माझी आई दोन वर्षं अंथरुणात हलली नव्हती. लोक तिच्यासमोर बसून 'फार चांगली होती हो' म्हणायचे. मी सांगायचे, अहो, ती ऐकतेय."

पलीकडचं दार वाजलं. मग पायांचा आवाज, जिन्याच्या दिशेने. मला धक्का बसला होता. इतकी वर्षं शेजारी बसते, पण आईबद्दलचं हे वाक्य तिने मला कधी ऐकवलं नव्हतं. ऐकवलं ते भिंतीतल्या एका भोकाला! खरं सांगते, मला वाईट वाटलं.

सकाळी बायकोची नऊ अंडी निघाली होती. वरच्या पेशी साफ केल्यावर सात पक्व ठरली. पक्व नसलेल्या अंड्यात इक्सी करून उपयोग नसतो. आता प्रश्न शुक्राणूंचा. न हलणाऱ्यांतला जिवंत कोणता आणि मेलेला कोणता, हे वरून सारखंच दिसतं. रंग टाकून कळतं, मेलेला रंग पितो. पण रंग लागलेल्या नमुन्यातला अंड्यात घालता येत नाही. म्हणून दुसरी युक्ती. शुक्राणू एकेक करून सुईत उचलायचा आणि पातळ केलेल्या द्रवाच्या थेंबात सोडायचा. जिवंत असेल तर त्याचं आवरण शाबूत असतं, पाणी आत शिरून शेपूट फुगते आणि वळते. मेलेल्याची शेपूट सरळ राहते.

पहिला सरळ. दुसरा सरळ. मग सरळच सरळ. मी बाजूला बसून मान अवघडून घेतली. डॉक्टर दोनदा डोकावून गेले. दात्याची गोठवलेली नळी टाकीत तयार होती आणि अंड्यांना थांबायला सांगून भागत नाही.

"ताई, दुपार होत आली," मी म्हणाले.

"हळू," ती म्हणाली. मी जागेवरून हललेसुद्धा नव्हते!

मला तिचा राग आला. त्या माणसाने स्वतःच सोडून दिलं होतं, डॉक्टरांनी मार्ग काढून ठेवला होता, आणि ही बाई मात्र मेलेल्यांना पाण्यात बुडवत बसली होती. पाणी प्यायला बाहेर गेले तर लिफ्टवाला मधल्या जिन्याच्या पायरीवर बसलेला. बायको वरच्या मजल्यावर पलंगावर, हा अर्ध्या वाटेवर. तो काही विचारेल म्हणून थांबले. त्याने पाय आवरून मला वाट दिली, बस्स.

परत आले तर हळूताई म्हणाली, "बघ."

मी डोळा लावला. शेपटीच्या टोकाला वेढा पडला होता. नुसता छोटासा, गुंडाळी सुरू केल्यासारखा. मी चक्क टाळी वाजवली आणि हळूताई पुन्हा "हळू" म्हणाली, पण या वेळी टाळीपेक्षा मोठ्याने.

त्यानंतर एकेक करत एकूण सात मिळाले. प्रत्येकाला लगेच स्वच्छ द्रवात धुतलं. मी नळीवरचं नाव वाचलं, तिने बशीवरचं. "बरोबर." मग इक्सी. आधी शुक्राणूच्या शेपटीवर सुई दाबून त्याचं आवरण मोडायचं. न हलणाऱ्याचंही मोडावं लागतं, नाहीतर अंडं जागं होत नाही. डावीकडच्या नळीने अंडं हलकेच धरायचं, त्याच्या कडेचा बारीक गोळा वर किंवा खाली ठेवायचा, म्हणजे जवळच्या गुणसूत्रांना धक्का लागत नाही. मग उजवीकडून सुई आत. पडदा ताणतो, ताणतो आणि सुटतो. शुक्राणू आत ठेवायचा, सुई मागे घ्यायची. सातही झाल्यावर तिने बशी उबदार कपाटात ठेवली आणि दार हळूच लावलं.

दुसऱ्या सकाळी मी पोचले तेव्हा ती आधीच सूक्ष्मदर्शकाला चिकटलेली. फळलेल्या अंड्यात दोन गोल दिसतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. तीन अंड्यांत दोन-दोन गोल होते. चारांत काही नाही. मी पुन्हा पाहून खात्री केली, तीन.

"फोन कर ना," ती नेहमीसारखं म्हणाली.

"मी नाही करणार," मी म्हणाले. "काल खिडकीतून बोललीस ना? आज पुरं कर."

तिने लिफ्टवाल्याचा नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला, मी पळून जाऊ नये म्हणून असेल. "तीन अंडी फळलीत," ती म्हणाली. "आता त्यांची वाढ बघायची. पुढचं आत्ताच सांगता येत नाही."

मग तो म्हणाला, "माझ्याच..."

"तुमच्याच. दात्याची नळी उघडलीच नाही."

"म्हणजे जिवंत होते."

"होते."

तो रडत होता. लपवायचा प्रयत्नही करत नव्हता. जरा वेळाने नाक ओढून म्हणाला, "काल खिडकीत तुम्हीच होतात ना? घरी सांगायचंय हिला. तुमचं नाव काय?"

हळूताईने माझ्याकडे पाहिलं. "मी... लॅबमधून बोलतेय," ती म्हणाली आणि फोन बंद करायला तिचं बोट पुढे गेलं.

मी तिचा हात धरला. आमच्या नियमाप्रमाणे फोनजवळ वाकून मी तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एकेक अक्षर मोठ्याने उच्चारलं. मग तिच्याकडे बघत थांबले.

तिचे डोळे भरून आले होते. पण नियम म्हणजे नियम.

"बरोबर," हळूताई म्हणाली.