जाळेसरांची कोबी

कॉलेजात त्यांना सगळे जाळेसर म्हणत. अर्थशास्त्राचे हे मास्तर दरवर्षी फळ्यावर कोळ्याचं जाळं काढत आणि त्यात स्वतःच अडकल्यासारखे तासभर बोलत. माणूस सज्जन, पण बोलायला लागला की थांबवणारा अजून जन्मायचा होता.

त्या वर्षी कोबीचं मातेरं झालं होतं. बाजारात कुत्रं विचारत नव्हतं, लोकांनी उभ्या पिकात नांगर घातला. मग सरांना उदाहरण आयतंच सापडलं. "मागच्या हंगामात भाव चढला, म्हणून सगळ्यांनी कोबी लावली," ते म्हणाले. "कोबी तयार व्हायला महिने लागतात. तोवर लावलेली कमी करता येत नाही नि वाढवताही येत नाही. सगळ्यांची एकदम बाजारात आली, भाव पडला. आता पडलेला भाव बघून सगळे कोबी सोडतील, मग ती कमी येईल, भाव पुन्हा चढेल." खडूची रेघ आडवी, उभी, आडवी, उभी फिरत राहिली. "गिऱ्हाइकापेक्षा शेतकरी भावाला जास्त हलला, तर जाळं फाकत जातं. कमी हलला, तर आकसत मधल्या भावाला येऊन थांबतं. आणि हे सगळं का? तर आजचाच भाव उद्या राहील असं जो तो धरून चालतो म्हणून!"

एवढ्यावर थांबायचं की नाही? पण नाही. "शहाण्यानं उलटं चालावं," सर म्हणाले. "सगळे सोडतात तेव्हा लावावं." वर्गात बहुतेक भाजीवाल्या शेतकऱ्यांचीच पोरं. ती आज प्रथमच मन लावून ऐकत होती, आणि सर हुरळून गेले.

त्याच आठवड्यात त्यांनी हेच धाकट्या बहिणीला सांगितलं. वडिलांचं शेत ती एकटी बघायची. तिची कंबर धरू लागली होती. "दादा, यंदा साधलं तर पुढं करीन, नाहीतर शेत खंडाने दुसऱ्याला कसायला देऊन टाकते. माझ्याच्यानं होत नाही आता," ती म्हणाली होती. तिच्या मनात वांगी होती, कारण वांग्याला नुकताच चांगला भाव मिळाला होता. सर हसले. "अगं, वांगी सगळेच लावणार. तू कोबी लाव. माझ्यावर सोड."

तिनं सोडलं. दादाचा शब्द तिला वडिलांच्या शब्दासारखा.

दोन महिन्यांनी सर तिच्याकडे जायला निघाले. बस गावाबाहेर पडली, आणि सर खिडकीतून बघू लागले. रस्त्याच्या डाव्या हाताला कोबी. उजव्या हाताला कोबी. ओढ्यापलीकडे कोबी, टेकाडावर कोबी. उतरले तर एक विद्यार्थी बांधावरून धावत आला. "सर! तुमचं ऐकून बाबांनी सगळी कोबीच लावली! आमच्या आळीतल्या सगळ्यांनी!" पोराचा चेहरा नुसता फुललेला. सर "छान, छान" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बहीण गड्ड्यांमध्ये वाकून उभी होती. "बघ, कसे गच्च भरलेत!" तिनं एक गड्डा दोन्ही हातांनी थोपटला. सरांनी मनाशी हिशेब मांडला. जे लावलं ते लावलं. खत झालं, पाणी झालं, आता उपटून काय साधणार? शेजारची कोबी थोडीच त्यानं कमी होणार होती? पुढचं सगळं त्यांना स्वच्छ दिसत होतं आणि हातात काहीच नव्हतं. चहा पिऊन ते परतले. बसमध्ये त्यांना रडू आलं, म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

कोबी एकदम निघाली आणि बाजारात ढीग लागले. गाडीभाडंसुद्धा सुटेना. वांगी मात्र औषधाला मिळत नव्हती, कारण ती फारशी कोणी लावलीच नव्हती. ज्या दोघातिघांना ना पोरं होती ना कॉलेज ठाऊक होतं, त्यांनी नेहमीसारखी वांगी लावली आणि त्यांचं सोनं झालं.

शेत खंडाने गेल्यावर बहीण सरांकडे आली. सरांची बायको पाण्याचा पेला देऊन आत गेली. सरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, वर्ग, जाळं, शहाण्यानं उलटं चालावं, सगळं. बहिणीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तू सांगितलंस ते खोटं नव्हतं?"

"नव्हतं गं. सगळ्यांनी ऐकलं म्हणून खोटं झालं."

तिनं पेला खाली ठेवला. आवाज चढला नाही, उलट उतरला.

"सगळ्यांना सांगायचंच होतं, तर दादा, मला कशाला सांगितलंस?"